मध्यरात्रीची ‘व्हायरस’ची सूचना आणि एक विसरलेली परवानगी

माझे मामा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. रक्तदाबाची गोळी ते रोज रात्री नऊ वाजता घेतात आणि तिची आठवण त्यांना मोबाइल करून देतो. गेल्या हिवाळ्यात मामींचा फोन आला, “अरे, हे रात्रभर झोपत नाहीत. मोबाइलला रोग झालाय म्हणतात.” मी गेलो तेव्हा मामांनी फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर लाल अक्षरांत लिहिले होते की फोनमध्ये तेरा व्हायरस सापडले असून दोन मिनिटांत सगळे फोटो नष्ट होतील. त्याखाली मधुमेह मुळापासून घालवणारे चूर्ण होते, त्याखाली लागलेली लॉटरी होती, आणि या साऱ्या गर्दीच्या तळाशी आदल्या रात्रीची गोळीची आठवण न उघडलेली पडून होती. ती गोळी घेतलीच गेली नव्हती.

मामांनी तोवर दोन उपाय करून पाहिले होते. शेजारच्या मुलाकडून त्यांनी व्हायरस शोधणारे अॅप घालून घेतले होते आणि फोन अनेकदा बंद करून पुन्हा चालू केला होता. दोन्हींचा उपयोग झाला नाही, कारण फोनमध्ये व्हायरस नव्हताच. तेथे होती ती फक्त एक परवानगी, आणि ती मामांनी स्वतःच दिली होती. मात्र ती देताना आपण काय देत आहोत, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

हे कसे घडते, ते समजून घेतले म्हणजे भीती निम्मी ओसरते. आपण इंटरनेटवर ज्यातून वाचतो तो ब्राउझर, बहुतेक अँड्रॉइड फोनांत क्रोम, संकेतस्थळांना एक सोय देतो. आपण होकार दिला, तर ते संकेतस्थळ बंद असतानाही आपल्याला सूचना पाठवू शकते. वृत्तपत्रांसाठी ही सोय उपयोगी आहे. परंतु फसवी संकेतस्थळे हा होकार आडवाटेने मिळवतात. मामा पंचांग पाहत असताना एका जाहिरातीवर बोट पडले आणि नवे पान उघडले. “आपण यंत्र नाही हे सिद्ध करण्यासाठी Allow दाबा,” असे त्यावर लिहिले होते. मामांनी ते दाबले. खऱ्या पडताळणीत Allow हे बटण कधीच दाबावे लागत नाही. मराठीत ‘अनुमती द्या’ असे दिसणारे हे बटण म्हणजे सूचना पाठवण्याचा परवाना असतो. पुढे आलेल्या सूचनांवर बोट ठेवले की आणखी पाने उघडतात आणि तीही तसाच परवाना मागतात. मामांच्या फोनमध्ये अशा संकेतस्थळांची संख्या चौदावर गेली होती.

आता आलेली सूचना खरी की या वाटेने आलेली, हे ओळखावे कसे? तिच्या मजकुरावर बोट ठेवू नये. तिच्या वरच्या ओळीकडे पाहावे. तेथे क्रोमचे वर्तुळाचे चिन्ह आणि एखाद्या संकेतस्थळाचे नाव दिसले, तर ती सूचना फोनने दिलेली नाही, संकेतस्थळाने पाठवलेली आहे. मामांच्या ‘व्हायरस’च्या सूचनेवरही क्रोमचे चिन्ह आणि अर्थहीन अक्षरांचे एक नाव होते. तेथे दुसऱ्याच एखाद्या अॅपचे नाव असेल, तर दोष त्या अॅपचा आहे आणि पुढील उपाय त्याला लागू पडणार नाही.

उपाय करताना मी फोन मामांच्याच हातात ठेवला. त्यांनी क्रोम उघडले आणि वरच्या कोपऱ्यातील तीन ठिपक्यांना स्पर्श केला. उघडलेल्या यादीत खाली जाऊन ‘Settings’, त्यात ‘Site settings’ आणि त्यात ‘Notifications’ निवडले. फोनची भाषा मराठी असेल तर येथे ‘सेटिंग्ज’, ‘साइट सेटिंग्ज’ आणि ‘सूचना’ असे शब्द दिसतात. या पानावर परवानगी मिळालेल्या संकेतस्थळांची यादी असते. मामांनी एकेक नाव वाचले. चौदांपैकी दोन नावे त्यांच्या ओळखीची निघाली, एक त्यांच्या वृत्तपत्राचे आणि एक हवामानाचे. उरलेल्या बारांपैकी प्रत्येक नावाला स्पर्श करून त्यांनी त्याची सूचनांची परवानगी बंद केली. या कामाला दहा मिनिटे लागली.

येथे दोन बारकावे ध्यानात ठेवावेत. पहिला असा, की परवानगी नुसती पुसण्यापेक्षा बंद करणे चांगले. पुसली तर ते संकेतस्थळ पुढच्या भेटीत पुन्हा विचारू शकते. बंद केली तर ते नाव नाकारलेल्यांच्या यादीत राहते आणि त्याला विचारताही येत नाही. दुसरा बारकावा त्याच पानाच्या माथ्यावरील मुख्य खटक्याविषयी आहे. तो बंद केला की नवी संकेतस्थळे परवानगी मागू शकत नाहीत, म्हणून मामांचा खटका आम्ही बंदच ठेवला. परंतु आधी दिलेल्या परवानग्या त्याने रद्द होत नाहीत. अनेकजण येथेच थांबतात आणि सूचना येतच राहिल्या की निराश होतात. यादीतील नावे एकेक करून बंद करावीच लागतात. केवळ भेट दिलेल्या पानांची नोंद पुसल्यानेही हे काम होत नाही.

बँकेचे संदेश थांबतील, अशी शंका मामींनी काढली. तसे होत नाही. बँकेचे अॅप आणि साधे संदेश क्रोमच्या या यादीतून येत नाहीत. म्हणून अनोळखी नाव बंद करताना कचरण्याचे कारण नाही. चुकून एखादे चांगले नाव बंद झाले, तर त्याच ठिकाणी जाऊन ते पुन्हा सुरू करता येते.

काम झाल्यावर एक दिवस लक्ष ठेवावे. तरीही क्रोमच्या चिन्हासह सूचना आली, तर तिच्यावरील नाव वाचून यादीत शोधावे, ते एखादे सुटलेले नाव असते. फोनमध्ये दुसराही ब्राउझर असेल, तर त्याची यादी वेगळी असते आणि तीही पाहावी लागते. आयफोनवर मात्र एखादे संकेतस्थळ मुख्य पडद्यावर मुद्दाम जोडल्याशिवाय त्याला सूचना पाठवता येत नाहीत, त्यामुळे तेथे हा त्रास सहसा आढळत नाही.

परवानगी काढल्याने पुढच्या सूचना थांबतात, पण आधी झालेले नुकसान भरून येत नाही. अशा सूचनेवरून कोणी अॅप उतरवून घेतले असेल, तर ते काढून टाकावे. कार्डाचा क्रमांक किंवा ओटीपी दिला असेल, तर प्रथम बँकेला कळवावे. पैसे गेले असतील, तर वेळ न दवडता 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. ज्येष्ठांना येथे लाज आड येते, म्हणून घरातल्यांनी “कशाला दाबलंत?” असे न विचारता “काय काय उघडलं होतं?” एवढेच विचारावे.

त्या रात्री नऊ वाजता मामांच्या फोनवर एकच सूचना आली, गोळीची. त्यांनी गोळी घेतली आणि फोन उशापासून उचलून कपाटावर ठेवला.