फोटोतले कुंपण, जागेवरचा बांध

जमीन विक्रीच्या जाहिरातीतल्या फोटोत लबाडी बहुधा तीन प्रकारची असते. कुंपण लांबवले जाते, उजाड माळावर झाडी उगवते किंवा भाव पाडणारी एखादी गोष्ट पुसली जाते. यातली पहिली पकडायला सर्वांत सोपी, तर तिसरी खरेदीदाराला सर्वांत महाग पडणारी.

समजा, मावळातल्या वीस गुंठ्यांच्या तुकड्याची जाहिरात आहे. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे एकूण २१,७८० चौरस फूट. मोजणी नकाशाच्या ‘क’ प्रतीवर रस्त्याकडची बाजू ११० फूट आणि खोली १९८ फूट दिसते. रस्त्याकडेला सिमेंटचे खांब दहा-दहा फुटांवर रोवले असतील, तर अकरा गाळे आणि बारा खांब व्हायला हवेत. फोटोत मात्र एकोणीस खांब मोजता येतात, म्हणजे कुंपण १८० फुटांचे झाले. जास्तीचे सत्तर फूट एकतर शेजाऱ्याचे आहेत किंवा कुणाचेच नाहीत.

असे कुंपण वाढवताना फोटोतलाच एक भाग उचलून पुढे चिकटवतात. त्याची खूण शोधायची ती खांबांच्या आकारात नव्हे. साच्यातून काढलेले खांब मुळातच सारखे असतात. पाहायचे ते योगायोगाने घडलेले तपशील. बुंध्याशी वाढलेले टाकळ्याचे झुडूप, एका बाजूला कललेला खांब, तुटून लोंबणारी तार असे तिन्ही तपशील पाच खांब सोडून पुन्हा जसेच्या तसे दिसले, तर तो योगायोग राहत नाही. दुसरी खूण उंचीची. कॅमेऱ्यापासून दूर जाणारे खांब फोटोत लहान होत जायला हवेत आणि त्यांच्यामधले अंतरही आक्रसायला हवे. चिकटवलेल्या भागात ही उतरण अचानक थांबते.

हेच काम संगणकही करतो. अमेरिकेतल्या बिंगहॅमटन विद्यापीठातील जेसिका फ्रिड्रिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये त्याची एक पद्धत मांडली. फोटोचे लहान लहान चौकोन पाडायचे, प्रत्येकाची इतरांशी तुलना करायची आणि जुळणाऱ्या जोड्या एकाच अंतराने, एकाच दिशेला सरकलेल्या आहेत का ते पाहायचे. निरभ्र आकाश किंवा गिलावा केलेली सपाट भिंत असेल, तर अशी पद्धत खोट्या जोड्याही दाखवते, म्हणून शेवटी डोळ्यांनी पडताळावे लागतेच. शिवाय व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलेले चित्र लहान होते, दाबले जाते आणि फोटो काढल्याची तारीख व ठिकाण त्यातून गळून पडते. त्यामुळे मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागणे चांगले. अर्थात तीही बदलता येते, पण निदान बारीक तपशील शाबूत राहतात.

पुसलेल्या वस्तूचा माग तिच्या आसपास लागतो. उच्चदाब वाहिनीचा मनोरा काढून टाकणारा माणूस तारा पुसतो, पण जमिनीवर पडलेली जाळीदार सावली राहून जाते, किंवा शेजारच्या मनोऱ्यावरून निघालेल्या तारा आकाशातच संपतात. या वाहिनीखालच्या पट्ट्यात घर बांधता येत नाही, त्यामुळे वीस गुंठ्यांतला उपयोगाचा भाग किती उरतो हा प्रश्न थेट किमतीचा आहे. याची खात्री करण्यासाठी गुगल अर्थ प्रो उघडून घड्याळाच्या चिन्हावरून जुनी उपग्रहचित्रे पाहावीत. वरून मनोरा स्वतः पुसटसा दिसतो, पण त्याची लांब सावली सहसा ओळखू येते. गावातला साधा विजेचा खांब किंवा जुनी विहीर मात्र अशा चित्रात हमखास दिसेलच असे नाही.

हिरवाईच्या बाबतीत घाई करू नये. मावळात किंवा कोकणात ऑगस्टमधला खरा फोटोही मे महिन्यातल्या ग्राहकाला खोटा वाटेल. तो फोटो बनावट नसतो, फक्त सोयीचा असतो. बनावट झाडे सावलीवरून पकडता येतात. उन्हातल्या फोटोत वस्तूचे टोक आणि तिच्या सावलीचे टोक जोडणाऱ्या रेषा काढल्या, तर त्या सगळ्या एकाच बिंदूकडे जातात किंवा एकमेकींना समांतर राहतात. खांबांच्या रेषा एकीकडे आणि आंब्यांच्या दुसरीकडे जात असतील, तर आंबे नंतर लावले आहेत, तेही मातीत नव्हे. उपग्रहाच्या कोरड्या महिन्यांतल्या चित्रांत तिथे बाग दिसत नसेल आणि सातबाऱ्यावरही झाडांची नोंद नसेल, तर संशय पक्का होतो.

या तपासण्या लबाडी उघड करतात, पण प्रामाणिकपणा सिद्ध करत नाहीत. सफाईदार बदल असलेला फोटो या सगळ्यांतून निसटू शकतो, आणि अस्सल फोटोतले कुंपणही मुळातच चुकीच्या हद्दीवर घातलेले असू शकते. म्हणून इसार देण्यापूर्वी ‘क’ प्रत हातात घेऊन जागेवर जावे आणि हद्दीबद्दल शंका उरली, तर विक्रेत्याला भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून द्यायला सांगावे.