रोज दहा टक्के, पण कशाचे?

सत्राच्या सुरुवातीला आठवीच्या फळ्याशेजारी मी सूचना लावली होती : ‘प्रकल्प उशिरा दिल्यास दररोज १० टक्के गुण कापले जातील. तीन क्विझपैकी सर्वांत चांगली एकच धरली जाईल.’ सत्र संपताना एका मुलाचे गुण मांडायला बसले, तेव्हा पहिलं वाक्य अपुरं आहे हे ध्यानात आलं.

एकूण गुण १००. लेखी परीक्षा ५०, प्रकल्प ३०, क्विझ २०. लेखीत त्याला ३६ मिळाले होते. क्विझमध्ये आधी ११, मग तापामुळे गैरहजर म्हणून शून्य, शेवटी १८. सरासरी काढली असती तर दहासुद्धा भरले नसते. नियमाप्रमाणे १८ धरले. ताप आलेला तो एक दिवस त्याला सत्रभर नडला नाही, आणि त्यासाठीच मला हा नियम आवडतो. त्याची दुसरी बाजूही आहे. तिन्ही वेळा १५ मिळवणाऱ्या मुलीला १५च मिळतात, तिच्या सातत्याचं वेगळं काही मोजलं जात नाही. शिवाय पहिल्याच क्विझला १९ पडले की पुढच्या धड्यांकडे मुलं पाठ फिरवतात.

प्रकल्पाचे त्याला २४ पडले होते, पण वही तीन दिवस उशिरा आली होती. आता १० टक्के कशाचे? एकूण ३० गुणांचे धरले तर रोज ३, म्हणजे ९ वजा होऊन १५ उरतात. मिळालेल्या २४ गुणांचे धरले तर रोज २.४, आणि उरतात १६.८. आदल्या दिवशी उरलेल्या गुणांवर रोज दहा टक्के कापत गेलं तर साधारण १७.५.

फरक दोन-अडीच गुणांचा, पण आमची श्रेणी सीबीएसईच्या आठ पायऱ्यांची. ७१ ते ८० ला बी१, ६१ ते ७० ला बी२. लेखी आणि क्विझचे मिळून ५४ होतात. पहिल्या रीतीने बेरीज ६९, म्हणजे बी२. दुसरीने ७०.८, म्हणजे पूर्णांकात ७१ आणि बी१. तिसरीनेही बी१च. वेळेवर दिला असता तर ७८ झाले असते.

वाक्य संदिग्ध होतं, तेही माझं, त्यामुळे त्याचा फायदा मुलाला मिळायला हवा होता. मी बी१ दिला.

दुसऱ्या सत्राची सूचना लांबली आहे. ‘कपात मिळालेल्या गुणांवर, रोज १० टक्के, जास्तीत जास्त ५० टक्के. सुट्टीचे दिवस मोजणार नाही. पूर्णांक फक्त शेवटच्या बेरजेचा करू.’ पन्नास टक्क्यांची मर्यादा मुद्दाम घातली, कारण दहा दिवसांनी शून्यच मिळणार असेल तर अकराव्या दिवशी कोणी वही आणून देत नाही. खाली या मुलाचंच गणित नाव न लिहिता सोडवून दाखवलं आहे.