धोका रंग लावताना कमी, धुताना जास्त

पार्लरमध्ये नवीन लागलेल्या मुलीच्या वाट्याला आधी येतं ते केस धुण्याचं काम. दिवसभर हात पाण्यात आणि शॅम्पूत. थोड्याच आठवड्यांत बोटांच्या बेचक्यांतली कातडी कोरडी, लाल पडते, मग भेगाळते. ही ॲलर्जी नव्हे. त्वचेवरचं तेल सतत धुऊन गेल्यामुळे झालेला हा दाह आहे. हातांचा पाण्याशी संबंध कमी केला, दर वेळी हात टिपून साधं, बिनवासाचं क्रीम लावलं, तर तो बरा होतो.

दुर्लक्ष केलं, की दुसरा आजार मागून येतो. भेगांतून डायमधलं पीपीडी हे रसायन सहज आत शिरतं आणि एकदा शरीराने त्याच्याशी वैर धरलं की ते सहसा जन्मभराचं. पुरळ आणि खाज एक ते तीन दिवसांनी उठत असल्याने मंगळवारच्या डायचा संबंध गुरुवारच्या खाजेशी कुणी जोडत नाही. पीपीडी घातलेली काळी मेंदीही मग अंगावर उठते.

रंग लावताना हातमोजे घालणारेसुद्धा तो धुताना ते काढतात, कारण बोटांना केसांचा अंदाज हवा असतो. पण उरलेला रंग नेमका तेव्हाच हातांवरून मनगटापर्यंत ओघळतो. म्हणून धुऊन होईपर्यंत हातमोजे घातलेलेच हवेत, लांब बाह्यांचे आणि नायट्राइलचे. पातळ लेटेक्समधून पीपीडी लवकर झिरपतं. एका गिऱ्हाइकाला एक जोडी. उलटा करून पुन्हा घातलेला हातमोजा रंगाची बाजूच कातडीला लावतो. केस आधी कापावेत आणि नंतर रंगवावेत, म्हणजे ताजे रंगवलेले केस उघड्या बोटांत धरावे लागत नाहीत.

श्वासाचा त्रास मात्र मुख्यतः ब्लीचच्या पावडरीतून येतो. तिच्यातले परसल्फेट क्षार पाकीट फाडताना आणि वाटीत ओतताना धुळीसारखे उडतात. आधी शिंका, नाक गळणं. पुढे खोकला, छातीत घरघर. कधी हा त्रास काम संपल्यावर काही तासांनी, रात्री घरी सुरू होतो, म्हणून तो हवेवर किंवा धुळीवर ढकलला जातो. सुट्टीच्या दिवशी, विशेषतः लांब सुट्टीत, बरं वाटतं का, हे पाहावं. पीक फ्लो मीटर या छोट्या नळीत दिवसातून चार वेळा फुंकून कामाच्या आणि सुट्टीच्या दिवसांचे आकडे लिहून ठेवले, तर डॉक्टरांना त्यातला फरक दिसतो. सोबत ब्लीच आणि डायची पाकिटंही न्यावीत.

न उडणारी दाणेदार पावडर किंवा क्रीम ब्लीच घ्यावं आणि ते एक्झॉस्ट फॅनखाली कालवावं. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो. एन-९५ मास्क धूळ अडवतो, अमोनियाची वाफ नाही. दमा ठरलाच, तर नुसत्या इनहेलरवर काम रेटू नये. शेजारच्या खुर्चीवर कुणी ब्लीच कालवलं तरी तो उसळू शकतो.