शेवटचं ‘नका’ कापलं गेलं तर

कापसातली गुलाबी बोंडअळी जालन्याला नवी नाही. देशात बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली, तीही जालन्यातूनच उभ्या राहिलेल्या महिकोच्या वाणांना. पुढे अळी त्या बीटीलाही पचवू लागली आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रभर बोंडं आतून पोखरली गेली. तेव्हापासून कामगंध सापळे, पतंगांची मोजणी, वेळेवर फवारणी यांवरचे व्हिडिओ भरपूर निघाले आहेत. त्यांतले बरेच इंग्रजीत किंवा हिंदीत असतात. असा एखादा व्हिडिओ आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी काही मिनिटांत मराठी बोलू लागतो. तो बरोबर बोलतो का, हे तपासायला मात्र त्याहून बराच जास्त वेळ लागतो.

आधी यंत्र काय करतं ते पाहू. ते मूळ आवाज पार्श्वसंगीतापासून वेगळा काढतं, बोलणं मजकुरात उतरवतं आणि कोणतं वाक्य कोणत्या सेकंदाला सुरू होऊन कुठे संपलं याची नोंद ठेवतं. मग प्रत्येक तुकड्याचं भाषांतर होतं, कृत्रिम आवाज ते वाचतो आणि तो आवाज मूळ तुकड्याच्या वेळेत बसवला जातो. खरी गोम या बसवण्यात आहे.

समजा, इंग्रजी निवेदक साडेपाच सेकंदांत सांगतो की, सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ पतंग सापडेपर्यंत फवारणी करू नका. यंत्राचं मराठी असं येतं: ‘जोपर्यंत तुम्हाला सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ पतंग सापडत नाहीत तोपर्यंत तुम्ही फवारणी करू नका.’ अर्थ चोख आहे, पण सावकाश वाचलं तर सात सेकंद लागतात. दीड सेकंद आणायचा कुठून?

एक वाट म्हणजे आवाज पळवायचा. दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत ते कानाला फारसं खटकत नाही. इथे पंचवीस टक्क्यांहून जास्त पळवावं लागेल आणि निवेदक गाडी चुकल्यासारखा बोलेल. दुसरी वाट म्हणजे यंत्रालाच वाक्य आखूड करायला सांगायचं. मग ‘सापळ्यात आठ पतंग दिसल्याशिवाय फवारू नका’ असं सुटसुटीत वाक्य मिळू शकतं. त्यातून तीन रात्री गळाल्या. एकाच रात्रीचे आठ पतंग पाहून कोणी पंप पाठीवर घेतला, तर औषधाचा आणि मजुरीचा खर्च नाहक.

सगळ्यात वाईट प्रकार शेपूट कापलं जाण्याचा. इंग्रजीत नकार वाक्याच्या सुरुवातीला येतो, मराठीत बहुतेकदा शेवटी. तुकडा वेळेवर छाटला, किंवा पुढचं वाक्य त्याच्यावर चढलं, तर जातं ते नेमकं ‘नका’. उरतं ‘फवारणी करू…’. कागदावरचं भाषांतर कितीही वेळा वाचलं तरी ही चूक दिसणार नाही, कारण कागदावर ती नाहीच. म्हणून तयार झालेला मराठी आवाज पुन्हा मजकुरात उतरवून घ्यायचा आणि संहितेशी ताडून पाहायचा. शेवटचे शब्द जिथे गायब, तिथे कात्री लागली आहे.

उपाय मराठीतच असतो. ‘सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ पतंग आले, तरच फवारा.’ हे चार सेकंदांत आरामात बसतं, एकही अट सुटत नाही आणि टोकाला लोंबणारा नकारही उरत नाही. मराठी लांबलचक असते अशी तक्रार डबिंगवाले करतात. मला तरी ती भाषेपेक्षा ‘जोपर्यंत-तोपर्यंत’च्या कारकुनी वळणाची वाटते.

अर्थाच्या तपासणीत उलट भाषांतरावर अनेकांची भिस्त असते: मराठी पुन्हा इंग्रजीत करायचं आणि मूळ वाक्याशी जुळवायचं. कापसाच्या इंग्रजीत फुलाच्या कळीला, म्हणजे आपल्या पात्याला, ‘स्क्वेअर’ म्हणतात. यंत्राने ‘चौरस गळतात’ असं केलं, तर उलट भाषांतरात पुन्हा ‘स्क्वेअर’च येईल. जुळणी शंभर टक्के, आणि पातेगळ कुठेच नाही! त्यामुळे भाषांतराआधीच शब्दसूची लागते: पातं, बोंड, डोमकळी, कामगंध सापळा. केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’मुळे २०२२ पासून भारतीय भाषांतल्या यंत्रभाषांतराला बळ मिळालं, तरी पऱ्हाटीत उभं राहणाऱ्याचे शब्द पुरवायला पऱ्हाटी माहीत असलेलाच माणूस हवा.

वेळेची आणखी एक तपासणी चित्राशी असते. निवेदक पडद्यावर दिसत नसेल तर ओठ जुळवण्याची गरज नाही, पण हात जुळायला हवेत. इंग्रजीत ‘एकरी दोन सापळे’ आधी येतं आणि ‘पेरणीनंतर ४५ दिवसांनी’ नंतर. मराठी वाक्यात हा क्रम सहज उलटतो, आणि सापळा बांधणारा हात दिसत असताना कानावर पेरणी पडते. तिथे एका वाक्याची दोन करायची: ‘एकरी दोन सापळे लावा. पेरणीनंतर ४५ दिवसांनी लावा.’

शेवटी व्हिडिओ हेडफोनवर न ऐकता मोबाइलच्या स्पीकरवर ऐकावा, कारण तो तसाच ऐकला जाणार आहे. अंबड-घनसावंगीकडच्या एखाद्या कापूसवाल्याला, मूळ व्हिडिओ न दाखवता, तो ऐकवावा आणि एवढंच विचारावं: ‘भाऊ, फवारणी कधी करायची?’ उत्तरात तीन रात्री आल्या नाहीत, तर तो तुकडा परत संपादनाला.