रात्रीचा उजेड आजींच्या पावलाबरोबर

घरातली वडीलधारी माणसं रात्री दोन-तीनदा बाथरूमला उठतात. कुणाची झोपमोड नको म्हणून दिवा न लावताच भिंत चाचपत जातात. त्यांच्यासाठी हालचाल ओळखून आपोआप लागणारे सेन्सरचे छोटे दिवे मिळतात. ते नेमके कुठे लावायचे, ते आज पाहू.

हा सेन्सर अंगाची उष्णता हलली की ती ओळखतो. माणूस त्याच्या समोरून आडवा गेला, तर दिवा पटकन लागतो; सरळ त्याच्याकडे चालत आला, तर उशिरा लागतो. मधे पडदा किंवा काच असेल, तर त्याला काही कळत नाही. कडक उन्हाळ्यात खोलीच अंगाइतकी तापते, तेव्हाही तो मंदावतो.

समजा, आजींची खाट भिंतीलगत आहे, पुढे बोळ आणि बोळाच्या टोकाला बाथरूम. पहिला दिवा खाटेशेजारी, जमिनीपासून वीतभर उंचीवर लावा. मग कूस बदलल्यावर तो लागणार नाही, पाय खाली आले की लागेल. दिवा पिवळसर आणि मंद घ्या. उतारवयात डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो. लख्ख पांढऱ्या उजेडाने ते दिपतात. दुसरा दिवा बोळाच्या बाजूच्या भिंतीवर लावा, म्हणजे चालणं त्याच्यासमोरून आडवं होईल.

बाथरूममध्ये मात्र हा दिवा फसवतो. आजी कमोडवर स्थिर बसल्या, की हालचाल थांबते आणि अर्ध्या-एक मिनिटात दिवा विझतो. नेमकं उठायच्या वेळी अंधार! म्हणून तिथे झिरोचा दिवा रात्रभर चालू ठेवा. त्याचा उजेड बोळातल्या सेन्सरवर मात्र पडू देऊ नका. पडला, तर त्याला दिवस वाटतो आणि बोळातला दिवा लागतच नाही.

आता बटणं. भिंतीवरचा बोर्ड बहुधा उभ्या माणसाच्या खांद्याजवळ असतो. खाटेवर बसल्या बसल्या हात पोचेल असं, साधारण अडीच फुटांवर एक बटण इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. जिन्याला असते तशी टू-वे जोडणी करून घेतली, तर बोळातला मोठा दिवा खाटेजवळून लावता येतो आणि बाथरूमच्या दाराशी बंद करता येतो. अंधारात बारीक लाल ठिपका दिसणारं, रुंद पट्टीचं बटण घ्या. सांधे दुखणाऱ्या बोटांना ते सोपं जातं. बाथरूमचं बटण दाराबाहेर, कोरड्या भिंतीवरच हवं.

वीज जाते तिथे चार्जिंगचे सेन्सर दिवे घ्या. उजेड नेहमीपेक्षा फिका वाटला किंवा दिवा लवकर विझू लागला, तर चार्जिंग संपत आलंय असं समजा.

सगळं बसवून झालं, की रात्री घरातले दिवे मालवून आजींबरोबर खाटेपासून बाथरूमपर्यंत जाऊन या. त्यांच्या संथ चालीनेच चाला. जिथे पाऊल अंधारात पडेल, तिथला दिवा थोडा सरकवा.