गाठी मोजल्यावर कळणारं गुणोत्तर

अमरावतीहून नागपूरकडे निघालं की नांदगाव पेठची एमआयडीसी आणि टेक्स्टाइल पार्क लागतं. तिथली कापसाच्या धंद्यातली एखादी छोटी कंपनी बँकेपुढे किंवा नव्या भागीदारापुढे उभी राहते, तेव्हा तिच्या सादरीकरणात तीन आकड्यांची एक स्लाइड हमखास असते. चालू गुणोत्तर, नफ्याचं प्रमाण आणि कर्जाचं भांडवलाशी प्रमाण. शेजारी हिरवी टिकमार्क. ती टिकमार्क कुठून आली, हे ताळेबंदात शोधावं लागतं.

समजा, एक जिनिंग-प्रेसिंग कंपनी आहे. उदाहरणासाठी मीच रचलेली, पण तिची घडण या धंद्यातलीच. ३१ मार्चला तिच्याकडे २१० लाखांचा माल आहे, १७० लाखांची उधारी येणं आहे आणि रोख व इतर मिळून २० लाख. चालू मत्ता झाली ४०० लाख. वर्षभरात द्यायची देणी २८० लाख: बँकेचं कॅश क्रेडिट १८०, टर्म लोनचे पुढच्या वर्षाचे हप्ते ४०, माल देणाऱ्यांचे ५० आणि किरकोळ १०. चारशेला दोनशेऐंशीने भागलं की १.४३. बँकांच्या जगात १.३३ हा जुना उंबरठा आहे. सत्तरच्या दशकातल्या टंडन समितीच्या दुसऱ्या पद्धतीत चालू मत्तेचा पाव हिस्सा कर्जदाराने स्वतःच्या पदरचा घालायचा होता, त्यातून तो आला. १.४३ त्याच्या वर, म्हणून स्लाइडवर टिकमार्क.

पहिला गैरसमज इथेच आहे: गुणोत्तर वाढलं म्हणजे कंपनीची पैसे भागवण्याची ताकद वाढली. याच कंपनीचा जानेवारी पाहा. हंगाम भरात आहे, आवारात कापसाचे ढीग आहेत, सीसी खेचून वापरलेली आहे. चालू मत्ता ६००, चालू देणी ४८०, गुणोत्तर १.२५. मार्चपर्यंत रुई आणि सरकी विकली, आलेल्या पैशातून सीसी उतरवली, गुणोत्तर झालं १.४३. आणखी १०० लाखांचा माल विकून तेवढीच सीसी उतरवली असती, तर ३०० भागिले १८०, म्हणजे १.६७ झालं असतं. आता वजाबाकी करा. ६०० वजा ४८०, ४०० वजा २८०, ३०० वजा १८०. तिन्ही वेळा १२० लाखच. (माल लागत किमतीलाच विकला असं सोयीसाठी धरलं आहे.) कंपनीचं स्वतःचं खेळतं भांडवल एका रुपयानेही हललेलं नाही. गुणोत्तर एकापेक्षा जास्त असलं की दोन्ही बाजूंनी सारखी रक्कम कमी केल्यावर ते वाढतंच, हा निव्वळ भागाकाराचा गुण आहे. जिनिंगवाल्यांचा ताळेबंद हंगाम ओसरताना काढला जातो, म्हणून तो त्यांना बऱ्याचदा गोरा दाखवतो. मी तरी गुणोत्तराआधी वजाबाकी करून पाहतो.

मग त्या ४०० लाखांच्या आत शिरायचं. २०२१ पासून कंपनी कायद्याच्या परिशिष्ट तीननुसार उधारीचं वय टिपणीत लिहावं लागतं: सहा महिन्यांच्या आतली, सहा महिने ते एक वर्ष, एक ते दोन वर्षं, असं. आपल्या कंपनीच्या १७० लाखांपैकी ४५ लाख वर्षाहून जुने आहेत. सूतगिरणीने किंवा व्यापाऱ्याने वर्षभर न दिलेला पैसा येत्या पंधरवड्यात येईल असं धरून चालता येत नाही. ते ४५ बाजूला काढले की ३५५ भागिले २८०, म्हणजे १.२७. उंबरठ्याच्या खाली. स्लाइडवरची टिकमार्क या एका ओळीने पुसली जाते.

नफ्याबाबत उलटा गैरसमज आहे. विक्री २,००० लाख, करानंतरचा नफा २४ लाख, म्हणजे १.२ टक्के. नवखा माणूस हे बघून नाक मुरडतो. पण जिनिंगमध्ये विकलेल्या रुपयातला बहुतेक भाग कापसाच्या खरेदीतच गेलेला असतो. कंपनी फक्त सरकी वेगळी करते, गाठ बांधते आणि माल फिरवते. अशा धंद्याची तुलना औषधं किंवा मशीन बनवणाऱ्याशी करणं चूक आहे. शेजारच्या जिनाशी करा.

खरी काळजी वेगळीच आहे. नफा इतका पातळ असला की तो मालाच्या किमतीवर टांगलेला असतो. वर्षअखेरचा माल २१० लाखांचा दाखवला आहे. तो दहा टक्के चढवून लिहिला असेल, तर २१ लाख हवेत आहेत. करापूर्वीचा नफा ३२ लाख, त्यातून २१ गेले की उरले ११. एका अंदाजात दोन तृतीयांश नफा. म्हणून मालाची टिपणी काढा आणि गोदामात जा. समजा, २१० पैकी १५० लाखांची रुई आहे आणि भाव खंडीला ५५ हजार धरला आहे. खंडी ३५६ किलोची, गाठ साधारण १७० किलोची. हिशोब केला तर सुमारे ५७० गाठी निघतात. गाठी थप्पीने रचलेल्या असतात, लांबी, रुंदी, उंचीने सहज मोजता येतात. चारशेच निघाल्या, तर कंपनीला विचारण्यासारखं काही आहे. आणि ३१ मार्चला बाजार लागत किमतीच्या खाली असेल, तर माल त्या खालच्या भावानेच लिहायला हवा, हेही तपासायचं.

आणखी एक गोष्ट घरच्या कंपन्यांत नेहमी दिसते. संचालकांनी पगार घेतला नाही आणि कंपनीला दिलेल्या १२० लाखांच्या कर्जावर व्याजही घेतलं नाही. १२ टक्क्यांनी ते १४.४ लाख होतं. ते लावलं तर करापूर्वीचा ३२ लाखांचा नफा १७.६ वर येतो. यात फसवणूक नाही, पण बाहेरून येणाऱ्या भागीदाराला हे व्याज कोणी माफ करणार नाही.

हेच १२० लाख कर्जाच्या गुणोत्तरात पुन्हा भेटतात. भागभांडवल १००, राखीव ६०, म्हणजे मालकांचं १६० लाख. वर्षाच्या पुढचं टर्म लोन १४०. स्लाइडने तेवढंच घेतलं: १४० भागिले १६०, म्हणजे ०.८८, छान. पण सीसी हेही कर्जच आहे, पुढच्या वर्षाचे हप्तेही कर्जच आहेत आणि संचालकांचे पैसेही. १४०, ४०, १८० आणि १२० मिळून ४८०. भागिले १६०, उत्तर ३. तिसराही एक हिशोब आहे. बँकेचं कर्ज फिटेपर्यंत आपले पैसे काढणार नाही असं संचालकांनी बँकेला लिहून दिलं असेल, तर बँक ते १२० लाख भांडवलासारखे धरू शकते. मग ३६० भागिले २८०, म्हणजे १.२९. एकाच ताळेबंदातून ०.८८, १.२९ आणि ३, तिन्ही गणितं बिनचूक. म्हणूनच कायद्याने अंश-छेदात काय घेतलं ते टिपणीत सांगायला लावलं आहे, आणि आधीच्या वर्षापेक्षा २५ टक्क्यांहून जास्त फरक पडला तर कारणही. स्लाइडवर ते नसतं, टिपणीत असतं.

कर्ज जास्त म्हणजे कंपनी बुडीत, असंही नाही. हप्ता निघतो का, ते पाहावं. नफा २४, घसारा ३६, टर्म लोनचं व्याज १८: हाताशी ७८ लाख. द्यायचे हप्ते ४० आणि व्याज १८, म्हणजे ५८. प्रमाण १.३४, हप्ता निघतो. मालाच्या किमतीतले ते २१ लाख खोटे ठरले तर मात्र ७८ चे ५७ होतात (करात सुटणारी रक्कम सोडून), आणि हप्ता अडतो.

छोट्या कंपनीला रोख प्रवाहाचं पत्रक द्यायची सक्ती नाही, त्यामुळे दोन वर्षांचे ताळेबंद शेजारी ठेवूनच पैसा कुठे गेला ते काढावं लागतं. ते कंपनीने दिले नाहीत, तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ठरलेलं शुल्क भरून कोणालाही पाहता येतात. उतरवून घेताना लेखापरीक्षकांचा अहवाल आणि टिपण्या आहेत ना, ते पाहून घ्या. वरचे ४५ लाख त्या टिपण्यांतच सापडले.