तेरा पत्ते, सरासरी एक जुळणी

पिएर रेमाँ द मोंमोर या फ्रेंच गणितज्ञाने १७०८ साली जुगारी खेळांच्या गणितावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने ‘त्रेझ’ हा पत्त्यांचा खेळ तपासला आहे. त्याचं साधं रूप असं: इस्पिकचे १३ पत्ते चांगले पिसायचे. मग ‘एक्का, दुर्री, तिर्री’ असं राजापर्यंत क्रमाने म्हणत एकेक पत्ता उघडायचा. तोंडातलं नाव आणि उघडलेला पत्ता एकच निघाला, की ती जुळणी. असा डाव पुन्हा पुन्हा मांडला, तर दर डावाला सरासरी किती जुळण्या पडतील?

सरळ मार्ग अवघड आहे. १३ पत्ते ६२२ कोटींहून अधिक प्रकारे लागू शकतात. शून्य जुळण्यांचे क्रम किती, एका जुळणीचे किती, दोनचे किती, असं वेगवेगळं मोजत बसावं लागेल. म्हणून प्रश्नाचे तुकडे करायचे. प्रत्येक जागेसाठी एक आकडा ठेवायचा: तिथे जुळणी झाली तर १, नाही तर ०. गणितात याला दर्शक चल म्हणतात. डावातल्या एकूण जुळण्या म्हणजे या तेरा आकड्यांची बेरीज.

आता एकच जागा पाहू. तिसऱ्या जागी १३ पैकी कोणताही पत्ता सारख्याच शक्यतेने येतो, म्हणून तिर्री तिथे येण्याची शक्यता १/१३. त्या जागेचा आकडा तेरा डावांत सरासरी एकदा १ असेल, एरवी ०. म्हणजे त्याची सरासरीही १/१३. प्रत्येक जागेचं हेच. बेरजेची सरासरी ही सरासऱ्यांची बेरीज असते, म्हणून उत्तर १३ × १/१३ = १. पत्ते १३ ऐवजी ५२ घेतले आणि प्रत्येकाची जागा ठरवून दिली, तरी ५२ × १/५२ म्हणजे एकच.

इथे चाणाक्ष वाचक अडवेल. या जागा एकमेकींपासून स्वतंत्र कुठे आहेत? बारा जागी जुळणी झाली तर तेरावीला दुसरा पत्ताच उरत नाही, तिथे जुळणी होणारच. मग सुट्या सरासऱ्या मिळवणं कसं चालतं?

चार पत्ते घेऊन पाहू. त्यांचे २४ क्रम होतात. २४ ओळी आणि ४ स्तंभांचा तक्ता मांडा. ओळ म्हणजे एक क्रम, स्तंभ म्हणजे एक जागा, आणि चौकटीत १ किंवा ०. ओळींप्रमाणे मोजलं तर ९ ओळींत एकही जुळणी नाही, ८ ओळींत एक, ६ ओळींत दोन आणि एका ओळीत चारही. बेरीज ८ + १२ + ४ = २४. आता तेच स्तंभांप्रमाणे मोजा. एका जागी योग्य पत्ता बसवला की उरलेले तीन ६ प्रकारे लागतात, म्हणून प्रत्येक स्तंभात ६ वेळा १ येतो. चार स्तंभ मिळून २४. २४ ओळींत २४ जुळण्या, सरासरी १. कुठल्या जागा एकदम जुळतात हे ओळींत दिसतं. परस्परावलंबन सगळं तिथे आहे. उभी बेरीज करणाऱ्याला त्याची गरजच पडत नाही.

मात्र ही पद्धत सरासरीपुरतीच. ‘सरासरी एक’ म्हणजे ‘दर डावात एक’ नव्हे. चार पत्त्यांत २४ पैकी ९ क्रम, म्हणजे ३७.५ टक्के, जुळणीविना जातात. १३ पत्त्यांत हे प्रमाण सुमारे ३६.८ टक्के असतं. नेमक्या तीन जुळण्या चार पत्त्यांत अशक्यच. अशा शक्यता काढायच्या तर ओळींकडे परतावं लागतं.

संगणकावर यादी पिसणाऱ्याला ही सरासरी तपासणीसाठी वापरता येते. नेहमीच्या रीतीत शेवटच्या जागेपासून मागे येत, प्रत्येक जागेवरची नोंद तिच्यासह तिच्या आधीच्या जागांपैकी कुठल्याही एकीशी बदलतात. ‘तिच्यासह’ विसरलं, तर एकही नोंद मूळ जागी उरू शकत नाही आणि जुळण्या कायम शून्य येतात. यादी वरवर पाहता चांगली पिसलेलीच वाटते, पण हजारभर वेळा पिसून जुळण्या मोजल्या की चूक लगेच उघडी पडते.

उलट फसगतही होते. ५२ पत्त्यांची गड्डी न पिसता नुसती कुठेतरी कापून खालचा भाग वर ठेवला, आणि ‘न सरकवणं’ धरून ५२ ही प्रकार सारख्याच शक्यतेचे मानले, तर ५१ प्रकारांत जुळणी शून्य आणि एका प्रकारात ५२. सरासरी पुन्हा एकच! म्हणून पुष्कळ डावांनंतरही सरासरी एकपासून दूर राहिली तर पिसण्यात दोष आहे असं समजावं. ती एक आली, एवढ्यावरून पत्ते नीट पिसले गेले असं म्हणता येत नाही.